वारणेचं पाणी आणि एक अनाहूत ईमेल

युरोपातल्या प्राध्यापकांकडे उन्हाळी इंटर्नशिप मागणाऱ्या एका मुलीच्या मेलचा पहिला मसुदा असा होता. मूळ मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत देतो.

> आदरणीय सर/मॅडम,
>
> मी बी.टेक. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून माझा सीजीपीए ८.६ आहे. आपली प्रोफाइल वाचून मी आपल्या संशोधनाने अत्यंत प्रभावित झाले. मला जलविज्ञानाची मनापासून आवड आहे. मी पुढील विषय पूर्ण केले आहेत: अभियांत्रिकी गणित १, २ व ३, द्रव यांत्रिकी १ व २, सर्व्हेइंग, स्ट्रक्चरल ॲनालिसिस, जिओटेक्निकल इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, संख्यात्मक पद्धती, जलविज्ञान, पर्यावरण अभियांत्रिकी, पायथन प्रोग्रॅमिंग. आपल्या नामवंत विद्यापीठात, आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाखाली उन्हाळी संशोधन इंटर्नशिपची संधी मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. मी मेहनती आहे व नवीन गोष्टी लवकर शिकते. सोबत बायोडेटा जोडला आहे.

मुलगी मूळची सांगलीची, शिकायला नागपूरला. माझ्या मावसबहिणीच्या ओळखीतून तिने मला गाठलं, कारण मी जर्मनीत एका विद्यापीठाच्या जलविज्ञान विभागात संशोधक आहे. "दादा, फक्त व्याकरण बघून द्या," एवढीच तिची मागणी होती. व्याकरण ठीक होतं. मेलसोबत एक एक्सेल फाइलही आली होती, तीत जर्मनी, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ८० प्राध्यापकांचे पत्ते. नावं बदलत हाच मजकूर सगळ्यांना जाणार होता.

असा मेल इथे पोचल्यावर त्याचं काय होतं, ते आधी सांगतो, कारण मसुद्यात काय बदलायचं ते सगळं त्यावरून ठरतं. जर्मन विद्यापीठात एका प्राध्यापकाभोवती एक छोटा विभाग असतो: सचिव, दोन-चार वरिष्ठ संशोधक आणि पीएचडी करणारे पाच-दहा जण. इंटर्न आली तर रोजचं काम प्राध्यापक बघत नाहीत, पीएचडी करणाऱ्यांपैकी कोणीतरी बघतं. त्यामुळे मेल वाचताना प्राध्यापकांच्या मनात मुलगी हुशार आहे का हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न असा, की हिला कोणाच्या हाताखाली देऊ आणि ती व्यक्ती वैतागणार नाही ना. पटलं तर ते मेल पुढे ढकलतात, वर एक शब्द लिहून. माझ्याकडे असे ढकललेले मेल येतात तेव्हा वर बहुतेक वेळा फक्त एक प्रश्नचिन्ह असतं. म्हणजे हा मेल दोनदा वाचला जातो, आणि दुसऱ्यांदा वाचणारा माणूस तुमच्याकडून स्वतःच्या थीसिसला काही हातभार लागेल का, हे बघत असतो.

या नजरेने पहिला मसुदा वाचला तर पुढे ढकलायला त्यात काहीच नाही. "आपल्या संशोधनाने प्रभावित" हे वाक्य काँक्रीटवाल्यालाही चालेल आणि कर्करोगावर काम करणाऱ्यालाही. "आदरणीय सर/मॅडम" वाचून कळतं की समोर बाई आहे की पुरुष, हेसुद्धा पाहिलेलं नाही. इथे साधं "प्रिय प्राध्यापक" आणि पुढे आडनाव एवढं पुरतं. आपल्याकडचा आदर त्या संबोधनात कोंबायची गरज नसते. ८.६ हा आकडा "१० पैकी" असं न लिहिता दिला तर जर्मन वाचणारा क्षणभर थबकतो, कारण त्यांच्याकडे १.० सर्वांत चांगला आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. स्वतः जर्मन श्रेणीत बदलून देण्याच्या भानगडीत पडू नये, पट्टी सांगावी आणि पुढे जावं.

खरा घोटाळा विषयांच्या यादीत होता. विद्यार्थ्यांना वाटतं, संबंधित अभ्यासक्रमाचा उल्लेख करायचा म्हणजे मार्कशीटवरची नावं उतरवायची. पण "जलविज्ञान" या नावाखाली नागपुरात काय शिकवलं, हे म्युनिक किंवा श्टुटगार्टमध्ये बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नाही. कुठे त्या नावाखाली पर्जन्यमापकांची चित्रं काढून घेतात, तर कुठे पूर्ण मॉडेल लिहून घेतात. त्यात स्ट्रक्चरल ॲनालिसिस आणि जिओटेक शेजारी ठेवले की निष्कर्ष एकच निघतो: हिने निवड केलेली नाही, जे झालं ते सगळं ओतलं आहे. मार्कशीट जोडलेली असतेच, नावं हवी असतील तर वाचणारा तिथे बघेल. मेलमध्ये विषयाचं नाव घ्यायचं ते त्या विषयातून तुमच्या हाताला काय लागलं, हे सांगण्यापुरतं.

म्हणून तिला फोनवर विचारलं, "जलविज्ञानात तू स्वतःच्या हाताने काय केलंस?"

"टर्मवर्क होतं. युनिट हायड्रोग्राफ, मस्किंगम, कर्व्ह नंबर... सगळ्यांनी तेच केलं."

"सगळ्यांनी केलं त्याच्यापुढे काही?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "मस्किंगमचं गणित पुस्तकातले आकडे घेऊन होतं. सुट्टीत मी ते कृष्णेला लावून बघितलं, २०१९च्या पुराला. पण ते नीट आलं नाही, म्हणून कुठे लिहिलं नाही."

हे नीट न आलेलं गणितच मेलमध्ये जायला हवं होतं. ते काय आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

नदीत वरच्या ठिकाणी पुराची लाट आली की खाली पोचेपर्यंत तिला वेळ लागतो आणि वाटेत ती थोडी पसरून बुटकी होते. मस्किंगम पद्धत हे दोन आकड्यांत बसवते. के म्हणजे ढोबळमानाने लाटेला तो टप्पा पार करायला लागणारा वेळ, आणि एक्स म्हणजे लाट किती पसरते त्याचं माप. एक्स शून्याकडे गेला की पसरट जास्त. या दोघांवरून तीन गुणक निघतात आणि खालच्या ठिकाणचा विसर्ग असा मिळतो:

```
O2 = C0*I2 + C1*I1 + C2*O1
```

यात I म्हणजे वरून येणारं पाणी, O म्हणजे खाली निघणारं. 1 म्हणजे काल, 2 म्हणजे आज. तिने वरचं ठिकाण कराड घेतलं आणि खालचं शिरोळ तालुक्यातलं अर्जुनवाड. दोन्हीकडे केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत आणि कृष्णा खोऱ्यातला दैनिक विसर्ग इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी पोर्टलवर मिळतो. २०१८च्या पावसाळ्यावर तिने के आणि एक्स बसवले: के सुमारे ३० तास, एक्स ०.२. २४ तासांच्या पायरीला गुणक येतात ०.१६७, ०.५ आणि ०.३३३. बेरीज १.

बेरीज नेमकी १ येते यात सगळी गंमत आहे. याचा अर्थ ही पद्धत पाणी फक्त पुढे सरकवते, थेंबभरही वाढवत नाही. कराडहून जेवढं आलं तेवढंच अर्जुनवाडला निघणार. प्रत्यक्षात मधे येरळा मिळते, मग सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, आणि ऑगस्ट २०१९मध्ये वारणा काही कोरडी नव्हती. सांगलीतल्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. साहजिकच गणितातलं शिखर मोजलेल्या शिखराच्या बरंच खाली राहिलं. दिवस साधारण जुळला, उंची नाही.

तिने मग एक चांगला विचार केला: मोजलेलं वजा गणितातलं, हा जो फरक उरतो तेच वारणा-येरळेचं पाणी असणार. काढून बघितलं, तर पूर चढतानाच्या काही दिवसांत फरक ऋण आला. नदी उलटी वाहिली म्हणायची की काय? इथे ती अडकली, वही मिटली आणि बायोडेटात "पायथन: मध्यम" एवढंच लिहिलं.

पुढचं काम होतं हे कोणाला सांगायचं ते ठरवणं. ८० जणांची यादी चाळताना एक प्रश्न ठेवला: मधे शिरणारं न मोजलेलं पाणी, किंवा पुरात मोजणीच बिघडते तेव्हा काय करायचं, यावर सध्या कोण काम करतंय? जर्मनीत हा दुसरा प्रश्न ताजा आहे. जुलै २०२१मध्ये आर नदीच्या खोऱ्यात आलेल्या पुरात आल्टेनआर इथलं मोजणी केंद्रच वाहून गेलं, आणि पाणी शिखराला किती होतं हे नंतर खुणांवरून ताडावं लागलं. यादीतून चार नावं उरली. त्यातल्या एकाच विद्यापीठातल्या दोघांपैकी एक वगळलं, कारण ते एकाच मजल्यावर बसतात आणि दोघांना एकाच दिवशी सारखा मेल गेला की दुपारच्या कॉफीला ते उघड होतं. राहिले तीन.

उरलेल्या तिघांचे लेख वाचायचे म्हणजे सारांश वाचायचा नाही. सारांशावरून लिहिलेलं वाक्य लगेच ओळखू येतं, त्यात लेखाचं शीर्षकच फिरवून लिहिलेलं असतं. (शीर्षक चिकटवताना अक्षरांचा आकार बदलतो किंवा मागे करडी पट्टी येते, तेही दिसतं.) तिला सांगितलं की पद्धतीचा भाग वाच आणि शेवटी जिथे लेखक स्वतः मर्यादा कबूल करतात तो परिच्छेद वाच. तुझं अडलेलं गणित त्या दोनांपैकी कशाला लागून आहे का, एवढंच बघ. एका गटाच्या लेखात ते सापडलं: बाजूने येणारं पाणी काढताना ते ऋण होऊ द्यायचं नाही, अशी अट त्यांनी गणितातच घातली होती. त्यांचे आकडे तासागणिक होते, हिचे दिवसागणिक.

दुसरा मसुदा तिनेच लिहिला. मी कात्री लावली. तोही मूळ इंग्रजीत होता, इथे मराठीत:

> विषय: इंटर्नशिपबाबत विचारणा (मे ते जुलै, डाड वाइज शिष्यवृत्ती) – नदीच्या टप्प्यात बाजूने येणारं न मोजलेलं पाणी
>
> प्रिय प्राध्यापक (आडनाव),
>
> मी भारतात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी मे ते जुलै या काळात १२ आठवड्यांसाठी आपल्या गटात इंटर्न म्हणून येता येईल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.
>
> जलविज्ञानाच्या अभ्यासक्रमात शिकलेली मस्किंगम पद्धत मी कृष्णा नदीच्या कराड–अर्जुनवाड टप्प्याला लावून पाहिली. दैनिक विसर्गावरून २०१८च्या पावसाळ्यासाठी के आणि एक्स ठरवले आणि ऑगस्ट २०१९च्या पुरावर तपासले. शिखराचा दिवस जुळला, शिखर कमी आलं. मधे मिळणाऱ्या दोन उपनद्या गणितात नाहीत. उरलेला फरक म्हणजे उपनद्यांचं पाणी असं धरलं, तर पूर चढताना तो काही दिवस ऋण येतो. का, ते मला सोडवता आलेलं नाही.
>
> आपल्या गटाच्या लेखात बाजूचा प्रवाह ऋण होऊ न देण्याची अट आहे. लाटेचा प्रवासच एका दिवसाच्या आसपास असेल आणि आकडेही दैनिक असतील, तर ती अट मूळ चूक झाकून टाकेल का, असा मला प्रश्न पडला. या किंवा याच्या जवळच्या प्रश्नावर काम करायला मला आवडेल.
>
> संख्याशास्त्र आणि संख्यात्मक पद्धती हे अभ्यासक्रम झाले आहेत. उघड्या वाहिन्यांतील प्रवाह हा विषय या सेमिस्टरला चालू आहे. पायथन वापरते. द्विमितीय पूर-मॉडेल मी अजून चालवलेलं नाही.
>
> खर्चासाठी मी डाडच्या वाइज शिष्यवृत्तीला अर्ज करणार आहे. माझी संस्था तिच्या यादीत आहे. अर्जाला आपलं निमंत्रणपत्र लागतं आणि मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला आहे. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर मला येता येणार नाही.
>
> सोबत एक पीडीएफ: बायोडेटा, मार्कशीट (सीजीपीए १० पैकी ८.६) आणि वरच्या कामाचे दोन पानी आलेख.

यातल्या दोन-तीन जागांवर आमची चांगलीच जुंपली. पहिली जागा म्हणजे "सोडवता आलेलं नाही". तिचं म्हणणं, नापास झाल्यासारखं दिसतं. माझं म्हणणं असं, की आलेख गुळगुळीत जुळला असता तर ते टर्मवर्क झालं असतं. ऋण फरक आला, तो लपवला नाही आणि कुठल्या दिवसांत आला हे सांगता आलं, यावरूनच वाचणाऱ्याला कळतं की हिने आकड्यांकडे बघितलं आहे. "द्विमितीय मॉडेल चालवलेलं नाही" हे वाक्यही तिला काढायचं होतं. ते ठेवलं, कारण हाताखाली घेणाऱ्याला मे महिन्यात पहिल्या दिवशी ते कळण्यापेक्षा सप्टेंबरात कळलेलं बरं.

दुसरी जागा पुराची. तिच्या घरात २०१९मध्ये पाणी शिरलं होतं आणि तिला ते लिहायचं होतं. मी नको म्हटलं. वाईट दिसतं म्हणून नव्हे. ते वाक्य आलं की पुढची गणिताची वाक्यं त्याच्या सावलीत वाचली जातात, आणि समोरच्याला नाही म्हणताना उगाच अपराधी वाटतं. भेट झाली आणि विषय निघाला, तर सांगावं.

तिसरी जागा पैशांची. आपल्याकडे पैशांचं बोलणं शेवटी, जमलं तर तोंडी. इथे उलट आहे: पैसे कुठून येणार हे न लिहिलेला मेल वाचला की प्राध्यापक धरून चालतात की आपल्याकडे मागणार, आणि गटाच्या निधीतून परदेशी इंटर्नला पगार देणं हे कागदपत्रांचं मोठं लचांड असतं. डाड ही जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था. तिची वाइज शिष्यवृत्ती विज्ञान-अभियांत्रिकीच्या भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठीच आहे, पण ठरावीक संस्थांच्या विद्यार्थ्यांना. आपलं कॉलेज त्या वर्षीच्या यादीत आहे का, हे मेल लिहिण्याआधी बघायचं. नसेल तर पुढचा सगळा मजकूर बदलतो. फ्रान्सच्या शार्पाक शिष्यवृत्तीलाही आधी यजमान शोधावा लागतो. कॅनडाच्या मिटॅक्स ग्लोबलिंकसारख्या योजनांत मात्र अर्ज एकाच पोर्टलवर होतात. तिथे प्राध्यापकांना असा मेल टाकून हाती काही लागत नाही, ते तुम्हाला पोर्टलचा दुवा पाठवतात.

१२ आठवडे हाही आकडा सहज आलेला नाही. ९० दिवसांच्या आतला मुक्काम शेंगेन व्हिसात बसतो, पुढे गेला की राष्ट्रीय व्हिसाची रांग लागते. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. शिवाय जर्मन उन्हाळी सेमिस्टरची व्याख्यानं जुलैपर्यंत चालतात, त्यामुळे मे ते जुलै माणसं जागेवर असतात. ऑगस्टमध्ये आलीस तर मजला रिकामा.

त्याच कारणाने मेल ऑगस्टमध्ये पाठवला नाही. ऑगस्टमध्ये पाठवलेला मेल रजेच्या स्वयंचलित उत्तरावर आपटतो आणि प्राध्यापक परत येतात तेव्हा शेकडोंच्या खाली गाडलेला असतो. सप्टेंबरच्या मध्यावर लोक परतलेले असतात, हिवाळी सेमिस्टरची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सुरू होत नाहीत आणि वाइजच्या मुदतीलाही सहा-सात आठवडे उरतात. मंगळवारी जर्मन वेळेने सकाळी मेल गेले, कॉलेजच्या ईमेल पत्त्यावरून. जोडलेली पीडीएफ एक एमबीच्या आत. वर्डची फाइल नको म्हटलं होतं, कारण बऱ्याच विद्यापीठांचे सर्व्हर जुन्या वर्ड फाइली दारातच अडवतात आणि पाठवणाऱ्याला ते कळेलच असं नाही.

तिघांपैकी एकाकडून दुसऱ्याच दिवशी दोन ओळी आल्या: पुढच्या उन्हाळ्यात देखरेखीला माणूस नाही, शुभेच्छा. हे खरंखुरं नाही असतं, त्यावर धन्यवाद म्हणून थांबावं. दुसऱ्याकडून काहीच नाही. दहा दिवसांनी त्याच मेलला उत्तर म्हणून तीन ओळींचं स्मरण पाठवलं, त्यालाही काही नाही. मग सोडून दिलं. तिसरे, ज्यांच्या लेखात ती ऋणाची अट होती, त्यांचं उत्तर आठवड्याने आलं आणि ते त्यांचं नव्हतंच. त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं: प्राध्यापकांनी तुझा मेल मला पाठवला, आलेख बघितले, अर्धा तास बोलू या का?

त्या अर्ध्या तासात सीजीपीए निघाला नाही. पीएचडी करणाऱ्या मुलीने विचारलेला पहिला प्रश्न: "ऋण फरक पूर चढतानाच येतो, उतरताना नाही, बरोबर? मग हा उपनद्यांचा दोष कसा?" आमच्या मुलीला उत्तर माहीत नव्हतं, पण आलेख समोर होता. बोलता बोलता दोघींनी मिळून लावलं. २०१८मध्ये नदी पात्रात होती, म्हणून के ३० तास आला. २०१९मध्ये पाणी पात्राबाहेर पडून शेतांत पसरलं आणि लाटेची चाल मंदावली. खरा के मोठा झाला होता, पण गणित जुन्याच वेगाने पाणी अर्जुनवाडला लवकर पोचवत राहिलं, म्हणून चढत्या दिवसांत गणितातलं पाणी मोजलेल्यापेक्षा जास्त, आणि फरक ऋण. म्हणजे ऋण होऊ न देण्याची अट घातली असती तर ही खूण पुसली गेली असती. त्या पीएचडीवालीला स्वतःच्या लेखावरचा तो प्रश्न आवडला, असं तिने सरळ सांगितलं.

दुसरा प्रश्न जरा अडचणीचा होता. "पुरात अर्जुनवाडचा विसर्ग खरंच मोजलेला आहे, की पातळीवरून काढलेला?" मोठ्या पुरात नदीत उपकरण उतरवणं शक्य नसतं. तेव्हा पाण्याची पातळी बघून आधी बनवलेल्या पातळी-विसर्ग वक्रावरून आकडा काढतात, आणि तो वक्र एवढ्या उंचीपर्यंत कधी तपासलेलाच नसतो. मुलगी म्हणाली, "मी ते बघितलेलं नाही." बस्स, एवढंच. हे उत्तर चाललं. आल्टेनआरच्या पुराचं शिखर खुणांवरून ताडणाऱ्या लोकांना "मोजलेला" म्हटलेल्या आकड्याबद्दल कोणी घाईने हो म्हटलेलं उलट खटकलं असतं.

तिसरा प्रश्न तिने उठता उठता विचारला: "वारणेवर मोजणी केंद्रच नाही का?" हिने कधी शोधलंच नव्हतं, कारण टर्मवर्कच्या गणितात टप्प्याला दोनच टोकं असतात. त्या रात्री शोधलं, तर वारणेवर समडोळीला जल आयोगाचं केंद्र आहे, सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. तिने दुसऱ्या दिवशी चार ओळींचा मेल टाकला: वारणा मोजलेली आहे, समडोळीला, येरळेचं अजून बघते.

यातून इंटर्नशिपचा विषय ठरला. वारणा मोजलेली नाही असं समजायचं, कराड आणि अर्जुनवाडच्या आकड्यांवरून तिचं पाणी काढायचं आणि मग समडोळीचे आकडे उघडून पडताळायचं. एकदा के स्थिर ठेवून आणि एकदा पाणी पात्राबाहेर गेल्यावर तो बदलू देऊन. न मोजलेल्या नद्यांसाठी बनवलेली पद्धत मोजलेल्या नदीवर तपासायची, हे त्या गटाला त्यांच्या थीसिसमध्ये हवंच होतं आणि त्यांच्याकडे असा पावसाळी, मोठा टप्पा नव्हता.

निमंत्रणपत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. विद्यापीठाच्या कागदावर, सहीनिशी, त्यात कामाचं शीर्षक, तारखा, देखरेख करणारीचं नाव आणि "शिष्यवृत्ती मिळण्याच्या अटीवर" असं स्पष्ट वाक्य. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कामाचा आराखडा लागतो, तो तिने आधी एका पानात लिहून पाठवला. पीएचडीवालीने त्यातले शेवटचे दोन आठवडे खोडून तिथे लिहिलं: समडोळीचा पातळी-विसर्ग वक्र मिळतो का, जल आयोगाला मे महिन्याआधी विचार.